‘फ्रीझ’ म्हणजे फ्रिज नव्हे: लेबलांचं मराठी करून देणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पेट शॉपचे मालक, पशुवैद्यकीय औषधांचे दुकानदार, प्राण्यांच्या निवाऱ्यांतले स्वयंसेवक, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना लेबल वाचून दाखवणारे सगळे

सप्रेम नमस्कार.

कुत्र्याच्या खाद्याची पिशवी किंवा जंताच्या औषधाची बाटली घरात आली की तिचा फोटो काढायचा आणि इंग्रजी जाणणाऱ्या कुणाला तरी पाठवून विचारायचं, “किती द्यायचं लिहिलंय बघ ना.” हे आता रोजचं झालं आहे. यात विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पिशवीवरचा सक्तीचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की पुरतो, मराठी ऐच्छिक आहे. आणि किती खायला घालायचं, हा मजकूर तर त्या सक्तीच्या यादीतही नाही. म्हणजे तुम्ही दोन ओळींत जे मराठी लिहून पाठवता, तेच त्या घरातलं लेबल होतं. मूळ इंग्रजी पुन्हा कुणी उघडून बघत नाही.

भाषा शुद्ध असावी असा आमचा आग्रह नाही. आकडा कशाचा आहे, कोणत्या वजनावर आहे आणि दिवसातून किती वेळांसाठी आहे, हे जसंच्या तसं उतरावं आणि साठवणुकीची सूचना उलटी होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

सगळ्यात जास्त घोळ पिल्लांच्या खाद्याच्या तक्त्यात होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. मोठ्या कुत्र्याच्या पिशवीवरचा तक्ता सरळ असतो. डावीकडे कुत्र्याचं वजन, उजवीकडे दिवसाचे ग्रॅम. पिल्लाच्या पिशवीवरचा तक्ता मात्र बहुधा दोन दिशांनी वाचायचा असतो, एका बाजूला महिने आणि दुसऱ्या बाजूला किलो. हे किलो बऱ्याचदा पिल्लाच्या आजच्या वजनाचे नसतात. पिल्लू पूर्ण वाढल्यावर जेवढं भरेल, ते वजन तिथे धरलेलं असतं. वर बारीक टाइपात ‘ॲडल्ट वेट’ किंवा ‘एक्स्पेक्टेड ॲडल्ट वेट’ एवढंच असतं. त्यातला ‘ॲडल्ट’ गळला आणि मराठीत नुसतं ‘वजन’ उतरलं की पुढचा सगळा तक्ता खोटा ठरतो. काही कंपन्या आजच्या वजनावरही तक्ता देतात, त्यामुळे इथे सवयीवर जाऊन चालत नाही. दर वेळी मथळाच वाचावा लागतो.

एक ओळ घेऊन बघू. आकडे आम्ही हिशेबासाठी मांडलेले आहेत, कुठल्या एका पिशवीचे नाहीत. पिल्लू चार महिन्यांचं आहे. ते मोठेपणी ५ किलोचं होणार असेल तर दिवसाला ९० ग्रॅम, १० किलोचं होणार असेल तर १४५ ग्रॅम, २० किलोचं होणार असेल तर २३५ ग्रॅम आणि ३० किलोचं होणार असेल तर ३०५ ग्रॅम. आता समोर एक देशी पिल्लू आहे, चार महिन्यांचं. आज काट्यावर साडेनऊ किलो भरतं आणि वाढून वीसेक किलोचं होईल. त्याचं उत्तर २३५ ग्रॅम. पण ज्याच्या हातात नुसतं ‘वजन’ लिहिलेलं मराठी आहे, तो साडेनऊ म्हणजे जवळजवळ दहा असं धरून १४५ वर बोट ठेवणार. रोज ९० ग्रॅम कमी, तेही हाडं आणि दात वाढण्याच्या वयात. पिल्लू मरत नाही, आजारीही दिसत नाही. फक्त भांडं चाटत बसतं, वाढ मंदावते, आणि घरचे म्हणतात की देशी आहे, हडकुळंच असायचं.

दोनांपैकी कुठला आकडा खरा, हे तपासायचं साधन पुष्कळदा त्याच पिशवीवर असतं. ऊर्जेची ओळ शोधा. समजा तिथे किलोला ३,७०० किलोकॅलरी असं आहे. मग पिल्लाचं आजचं वजन किलोत घ्या, त्याचा घन करा, आलेल्या संख्येचं दोनदा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. मोबाइलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर हे होतं. साडेनऊचा घन ८५७, पहिलं वर्गमूळ २९.३, दुसरं ५.४१, गुणिले ७० म्हणजे सुमारे ३८०. हा प्राण्याचा निव्वळ पडून राहण्याचा खर्च झाला, किलोकॅलरीत. वाढत्या पिल्लाला याच्या साधारण दुप्पट ते तिप्पट लागतं, अगदी लहान असताना तिपटीच्या जवळ आणि चार महिन्यांनंतर दुपटीकडे. २३५ ग्रॅम म्हणजे सुमारे ८७० किलोकॅलरी, ३८० च्या २.३ पट. बसतं. १४५ ग्रॅम म्हणजे ५३७ किलोकॅलरी, जेमतेम १.४ पट. एवढ्यावर शांत, वयस्क कुत्रं राहील, पिल्लू नाही. हा हिशेब पालकांना पाठवू नका, त्यांना त्याचा उपयोग नाही. तो तुमच्यासाठी आहे, आपण तक्ता उलटा तर वाचला नाही ना हे बघायला.

चूक दुसऱ्या बाजूनेही होते. तक्त्यातले ग्रॅम चोवीस तासांचे असतात. मराठीत “२३५ ग्रॅम द्या” एवढंच गेलं आणि पिल्लू दिवसातून तीनदा जेवत असलं, तर घरचे तीन वेळा २३५ घालतात. झाले ७०५ ग्रॅम, म्हणजे पडून राहण्याच्या खर्चाच्या जवळपास सातपट. बहुतेक पिल्लं एवढं खाऊन जुलाब करतात आणि मग खाद्यालाच नावं ठेवली जातात. मोठ्या जातीच्या पिल्लांत असं जास्तीचं खाणं महिनोन्‌महिने चाललं तर वाढ फार वेगाने होऊन हाडासांध्यांचे दोष उद्भवतात, ते जन्मभर पुरतात. म्हणून ‘दिवसभरात मिळून’ हे दोन शब्द प्रत्येक आकड्यासोबत हवेतच, आणि जमल्यास भागाकारही करून द्या: “दिवसभरात मिळून २३५ ग्रॅम, म्हणजे तीन वेळा देत असाल तर प्रत्येक वेळी साधारण ७८ ग्रॅम.”

परदेशातून आलेल्या पिशव्यांवर कप आणि पाउंड असतात. तिथला कप म्हणजे २४० मिलीचं मापाचं भांडं. आपला चहाचा कप त्याच्या निम्मा भरला तरी पुष्कळ. शिवाय कोरडं खाद्य दाण्याच्या आकाराप्रमाणे एका मापात ८० ग्रॅम बसेल किंवा १२० बसेल. म्हणून कपाचं भाषांतर ‘कप’ करू नका. पिशवीवर कपाशेजारी बऱ्याचदा ग्रॅम दिलेले असतात, ते उचला. घरात वजनकाटा नसेल तर दुकानदारांनी एक काम करावं: गिऱ्हाइकाला त्याच्या घरची रोजची वाटी आणायला सांगावी, ती सपाट भरून एकदा काट्यावर तोलावी आणि “या वाटीत या खाद्याचे ७५ ग्रॅम” असं पिशवीवरच मार्करने लिहून द्यावं. खाद्य बदललं की वाटीचं वजनही बदलतं, हे तेव्हाच सांगावं. पाउंडाचं तर सोपं आहे, एक पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम. २० पाउंडांचं कुत्रं ९ किलोचं. पण घाईत ‘एलबी’ वाचून २० किलो लिहिलं गेलं, तर २० किलोच्या कुत्र्याला ९ किलोच्या कुत्र्याचं जेवण मिळतं.

प्राण्याचं वजन विचारल्यावर “असेल दहा-बारा किलो” असं उत्तर येतं. तेवढ्यावर पुढे जाऊ नका. बाथरूमच्या काट्यावर माणसाने आधी एकटं उभं राहायचं, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी करायची. मांजर पिशवीत घालून भाजीच्या दुकानातल्या तराजूवरही चालतं, मांजराची हरकत नसेल तर. मोठेपणीचं वजन मात्र अंदाजाचंच असतं. जातिवंत पिल्लू असेल तर आईबापांवरून, देशी असेल तर साधारण १५ ते २५ किलो धरून, पंजे आणि वाढीचा वेग बघून पशुवैद्यक सांगतील. तुमच्या मराठीत या रकान्याचं नाव “पूर्ण वाढ झाल्यावर अंदाजे वजन” असं लिहा. लांब झालं तरी चालेल.

आता औषध. इथे हिशेब लहान असतो पण चूक दहापट होते.

पिल्लांसाठीच्या जंताच्या एका नेहमीच्या पातळ औषधात दर मिलीला फेबँटेल १५ मिलिग्रॅम आणि पायरँटेल एम्बोनेट १४.४ मिलिग्रॅम असतं, आणि मात्रा किलोमागे १ मिली. मोठ्या कुत्र्यांच्या गोळीत हीच दोन औषधं आणि सोबत प्राझिक्वँटेल असतं: फेबँटेल १५० मिलिग्रॅम, पायरँटेल एम्बोनेट १४४, प्राझिक्वँटेल ५०, आणि मात्रा १० किलोमागे एक गोळी. याच तीन औषधांची आणखी एक मोठी गोळी असते, तीत फेबँटेल ५२५ मिलिग्रॅम, आणि ती ३५ किलोमागे एक. तिन्हींत किलोमागे फेबँटेल १५ मिलिग्रॅमच पडतं. पण फोटोत नाव सारखं दिसलं आणि ‘प्रति १० किलो’ यातले दहा सुटले, तर ३ किलोच्या पिल्लाला तीन गोळ्या लिहून जातात. उलट पातळ औषधाला चुकून ‘१० किलोमागे १ मिली’ लिहिलं, तर त्याच पिल्लाला ०.३ मिली जातं. औषध दिल्याचं समाधान राहतं आणि जंतही.

म्हणून औषधाच्या बाबतीत मात्रेची ओळ एकटी कधीच पाठवू नका. तिच्यासोबत ‘एका मिलीत किंवा एका गोळीत किती’ ही ओळ हवीच. दोन्ही असल्या की गुणाकार करून किलोमागचे मिलिग्रॅम निघतात, आणि पशुवैद्यकाला फोनवरही ते तपासता येतात. मराठी असं व्हावं: “३.२ किलोच्या पिल्लाला ३.२ मिली, एकदाच. सुई काढलेल्या ५ मिलीच्या सिरिंजने मोजा. त्याआधी बाटली चांगली हलवा.” हलवायची सूचना इंग्रजी लेबलवर बऱ्याचदा सगळ्यात खाली असते. मराठीत ती मोजण्याच्या आधी आणा. कारण हे सस्पेन्शन असतं, औषधाची पूड तळाला बसते. न हलवता दिलं तर पहिल्या पिल्लाला वरचं पाणी मिळतं आणि शेवटच्याला तळचा गाळ. चमच्याने मोजायला सांगू नका. लेबलवर चमचा म्हणजे ५ मिली धरलेला असतो, पण घरातले चमचे ३ मिलीपासून ७ मिलीपर्यंत काहीही असतात.

वजनाचे गट असतील तर कडेच्या आकड्याचं काय, ते लिहा. ‘५ ते १०’ आणि ‘१० ते २५’ असे दोन गट असले की बरोबर १० किलोचं कुत्रं दोन्हींत बसतं. मूळ लेबलवर ‘पेक्षा जास्त’ किंवा ‘पर्यंत’ अशी खूण असते, एक बारीक बाणासारखं चिन्ह. फोटोत ते दिसत नाही किंवा दिसूनही वगळलं जातं. “१० किलोपर्यंत ही, १० पेक्षा जास्त ते २५ पर्यंत ती” असं स्पष्ट करा.

आकड्यांबद्दल एक खास मराठी अडचण आहे. मात्रा हाताने लिहून देताना मराठी अंक टाळा. हाताने लिहिलेला मराठी एक घाईत इंग्रजी नवासारखा दिसतो आणि मराठी सात इंग्रजी सहासारखा. वाचणारा कुठल्या लिपीत वाचतोय हे तुम्हाला माहीत नसतं, आणि सिरिंजवर खुणा इंग्रजी अंकांतच असतात. हे पत्र मराठी अंकांत आहे, कारण ते वाचायचं आहे, मोजायचं नाही. दशांश चिन्हाआधी शून्य नक्की लिहा. नुसता टिंब देऊन ५ लिहिला तर टिंब पुसला जातो आणि ५ उरतो. युरोपातून आलेल्या लेबलवर टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो, तिथे ‘१,५’ म्हणजे दीड. आणि अर्ध्या गोळीचं चिन्ह असेल तर ‘अर्धी गोळी’ असं अक्षरांत लिहा, कारण तिरकी रेघ दिसली नाही की १ आणि २ शेजारी उरतात आणि त्याचं ‘एक-दोन गोळ्या’ होतं.

एमजी आणि एमसीजी यांत हजारपटीचा फरक आहे. गाईगुरांच्या आयव्हरमेक्टिन इंजेक्शनचं उदाहरण घ्या. एक टक्का म्हणजे मिलीला १० मिलिग्रॅम, आणि ५० किलोमागे १ मिली, म्हणजे किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. मायक्रोचं ‘मिली’ झालं की अनर्थ. हीच बाटली लोक कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणतात आणि “आमचा कुत्रा १२ किलोचा आहे, किती?” असं विचारतात. तिथे हिशेब करून देऊ नका. लेबलवर गाय, म्हैस लिहिलेली आहे. कुत्र्याची मात्रा त्यावर नाहीच, तर तिचं भाषांतर कुठून करणार? कोली आणि तिच्या गोतातल्या कुत्र्यांमध्ये एका जनुकाच्या दोषामुळे हे औषध मेंदूपर्यंत पोचतं, आणि बाहेरून बघून तो दोष कळत नाही. तुमचं उत्तर एकच असावं: “ही बाटली गुरांची आहे, कुत्र्यासाठी यावर काही लिहिलेलं नाही, डॉक्टरांना दाखवा.”

याचीच दुसरी बाजू मांजराची. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या पिसवांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. मांजराच्या शरीराला ते मोडता येत नाही. थरथर, मग झटके, आणि उपचार वेळेत नाही मिळाले तर मृत्यू. लेबलवर हे बऱ्याचदा शब्दांत नसून चित्रात असतं, मांजराच्या डोक्यावर फुली. फोटो फक्त मात्रेच्या तक्त्याचा काढला की फुली फोटोबाहेर राहते. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर हे वाक्य मराठीत सगळ्यात वर यायला हवं, मात्रेच्याही आधी. कुत्र्याला लावल्यावर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू द्यायचं नाही, हेही.

म्हणून फोटो मागतानाच पूर्ण मागा. गोल बाटलीचं लेबल एका फोटोत येत नाही. बाटली थोडी थोडी फिरवत तीन-चार फोटो, प्रत्येकात आधीच्या फोटोतला थोडा भाग आलेला. फ्लॅश बंद, खिडकीजवळ, कारण चकाकीत पहिला बळी दशांश टिंबाचाच जातो. पिशवी असेल तर हाताने ताणून धरायला सांगा, घडीत आख्खा रकाना लपतो. खोक्यातली घडीची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी. मुदत आणि बॅच नंबर वेगळ्या जागी ठिपक्यांच्या छपाईत असतात, त्यांचा वेगळा फोटो. औषधावर ‘फक्त जनावरांच्या उपचारासाठी’ या अर्थाचं वाक्य आणि जनावराच्या डोक्याचं चिन्ह आहे का, ते आधी बघा. आपल्याकडे औषधांच्या नियमांनुसार पशुऔषधावर ते असावंच लागतं. नसेल तर माणसाचं औषध प्राण्याला द्यायचं चाललं आहे, आणि मग लेबलवरच्या मात्रेचा काही संबंध उरत नाही.

आता साठवण. आमच्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक इथे आहे, आणि ती एका शब्दाची आहे.

लशीच्या कुपीवर असतं: २ ते ८ अंशांत ठेवा, डू नॉट फ्रीझ. मराठी घरात ‘फ्रीज’ म्हणजे स्वयंपाकघरातलं कपाट. त्यामुळे त्या वाक्याचं मराठी “फ्रीजमध्ये ठेवू नका” असं उतरतं, आणि लस ओट्यावर राहते. मूळ वाक्य नेमकं उलटं सांगत होतं: फ्रिजमध्येच ठेवा, पण गोठू देऊ नका. आम्ही सुचवतो की भाषांतरात ‘फ्रीझ’ हा शब्द वापरूच नये. “फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको, मागच्या गार भिंतीला टेकवून नको, दारातही नको. गोठली तर वापरू नका.” दारात नको, कारण दार उघडझाप होताना तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. मागच्या भिंतीला नको, कारण तिथे बर्फ धरतो. दुकानातून डॉक्टरांकडे नेताना बर्फाच्या थेट संपर्कातही कुपी गोठू शकते, मध्ये कापडाची घडी हवी. रेबीजच्या मृत विषाणूच्या लशीत तिचा परिणाम वाढवणारा घटक मिसळलेला असतो, गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात. पुन्हा वितळल्यावर ती बाहेरून ठीकठाक दिसू शकते, त्यामुळे “बघितलं, चांगली आहे” याला अर्थ नाही.

उलट चूक ‘कूल, ड्राय प्लेस’ची. त्याचं ‘थंड जागी ठेवा’ होतं आणि औषध, खाद्य सगळं फ्रिजमध्ये जातं. इंडियन फार्माकोपियात ‘कूल’ म्हणजे ८ ते २५ अंश, आणि ‘कोल्ड’ म्हणजे ८ अंशांच्या आत. म्हणजे कूल हे फ्रिजच्या वरचं तापमान आहे. पातळ औषधं फ्रिजमध्ये घट्ट होतात आणि हलवूनही नीट मिसळत नाहीत. कोरडं खाद्य फ्रिजमधून रोज बाहेर काढलं की दाण्यांवर दव धरतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. ‘कूल’ला “सावलीत, चुलीपासून आणि उन्हापासून दूर, घरातल्या गार कोपऱ्यात, फ्रिजमध्ये नाही” असं लिहा. लेबलवर ‘३० अंशांखाली’ असा आकडा असेल तर आकडाच लिहा आणि अर्थ जागेप्रमाणे सांगा. विदर्भात मे महिन्यात बंद खोली ४० च्या वर जाते, तिथे माठाजवळची फरशी बरी. स्कूटरची डिकी कुठेच बरी नाही.

‘ड्राय’चा अर्थ कोकणात वेगळा लावावा लागतो. जुलैमध्ये उघडी पिशवी आठवड्यात मऊ पडते. दाणे डब्यात ओतू नका, पिशवीसकट डब्यात ठेवा. पिशवीच्या आतला थर चरबी खवट होण्यापासून थोडंफार वाचवतो, आणि बॅच नंबर, मुदत, तक्ता सगळं सोबत राहतं. डबा रिकामा झाल्याशिवाय धुतला जात नाही आणि जुन्या तेलकट चुऱ्यावर नवं खाद्य पडत राहतं, हे वेगळंच. पिशवीवरची मुदत न उघडलेल्या पिशवीची असते. उघडल्यावर बरेच उत्पादक चार ते सहा आठवडे सांगतात. ती ओळ लहान असते, पण सोडू नका. खवट वास, दाण्यांना चिकटपणा किंवा ज्या खाद्यावर कुत्रा तुटून पडायचा त्याच्याकडे त्याने तोंड फिरवणं, ही खूण.

तशीच औषधाची ‘उघडल्यापासून २८ दिवस’ ही ओळ. इंग्रजीत ती कधी ‘आफ्टर ब्रोचिंग’ अशा शब्दांत येते आणि कुणाला कळत नाही. ब्रोचिंग म्हणजे सील फोडणं किंवा बुचात पहिली सुई खुपसणं. मराठीत लिहा: “बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा, त्यानंतर २८ दिवसांनी उरलेलं टाकून द्या, छापील मुदत पुढची असली तरी.”

दुकानदारांना एक वेगळी विनंती. मोठ्या पोत्यातून किलो-किलो सुटं खाद्य बांधून दिलं की तक्ता, मुदत, बॅच, सगळं पोत्याबरोबर मागे राहतं. गिऱ्हाइकाच्या हातात पारदर्शक पिशवी आणि “दोन वेळा वाटीभर”. द्यायचंच असेल तर पोत्याच्या लेबलचा स्वच्छ फोटो छापून पिशवीत टाका आणि पोतं कधी उघडलं ती तारीख लिहा. औषध मात्र सुटं देऊच नका. बाटलीतून ओतून दिलेलं औषध कुणाचं कशाचं, ते दुसऱ्या दिवशी देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

शेवटी भाषांतर करणाऱ्यांसाठी. मराठी मजकूर मूळ फोटोपासून तोडू नका, दोन्ही एकत्र पाठवा. पाठवण्याआधी तुमचं मराठी दुसऱ्या कुणाला वाचायला द्या, त्याला फोटो न दाखवता, आणि विचारा: किती, कशाचं, किती किलोच्या प्राण्याला, दिवसातून किती वेळा, कुठे ठेवायचं? त्याची उत्तरं घेऊन फोटोसमोर बसा. एखादा आकडा पुसट असेल तर शेजारच्या रकान्यावरून अंदाजाने भरू नका. त्या जागी “इथला आकडा फोटोत वाचता येत नाही, पुन्हा फोटो पाठवा” असं लिहा, आणि नवा फोटो येईपर्यंत बाकीचीही मात्रा पाठवू नका. अर्धं भाषांतर हातात पडलं की लोक उरलेलं स्वतःच भरतात.

आपले,
काही पशुवैद्यक आणि भाषांतरकार